काळे कोपरे कापताना वरची कड मोजा

डिसेंबरातली सकाळ आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्तूपासमोर उभे राहून १८-५५ मिमीच्या लेन्सने, झूम १८ वर ठेवून फोटो काढला आहे. पांढरा घुमट, समोरचे तोरण आणि वर गडद निळे आकाश. आकाश इतके निळे यावे म्हणून लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला होता, आणि त्याच्याखाली काच सांभाळायला कायम लावलेला यूव्ही फिल्टर तसाच राहिला. घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की दिसते, चारही कोपरे काळे आहेत. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात ते दिसलेच नव्हते.

हे कोपरे कापून टाकणे दोन मिनिटांचे काम आहे. पण बहुतेक जण ते डोळ्याच्या अंदाजाने करतात. चारही बाजूंनी चौकट आत ओढत नेतात आणि काळे दिसेनासे झाले की थांबतात. त्यात घुमटाच्या माथ्यावरचे आकाश जाते, पायाशी असलेली मोकळी जागा जाते, आणि कितीदा तरी एका कोपऱ्यात धुरकट सावली उरतेच. थोडे मोजून कापले तर कमी कापावे लागते आणि सावली पूर्ण जाते. खाली हेच एक उदाहरण शेवटपर्यंत आकड्यांसह केले आहे. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, म्हणजे नेहमीच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला. सॉफ्टवेअर GIMP घेतले आहे, कारण ते फुकट मिळते आणि त्यात पिक्सेलचे आकडे थेट टाकता येतात.

ही सावली कापण्याजोगी आहे का

काळ्या कोपऱ्यांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावर कात्री हा उपाय नाही. म्हणून आधी कारण ओळखा.

पहिला प्रकार म्हणजे लेन्सच्या पुढे असलेल्या कशाने तरी प्रकाश अडवलेला असणे. दोन फिल्टर एकावर एक, जाड कड्याचा पोलरायझर, तिरका बसलेला हूड. १८ वर लेन्स इतके रुंद पाहते की फिल्टरचे कडेच कोपऱ्यात येऊ लागते. ही सावली कोपऱ्याच्या टोकाला जवळजवळ काळी असते आणि तिची आतली कड गोलाकार, बऱ्यापैकी स्पष्ट असते. झूम २४ च्या आसपास नेला की ती नाहीशी होते. तिथे फोटोची माहितीच उरलेली नसते, त्यामुळे उजळवून काही हाती लागत नाही. काळ्याचा करडा होतो आणि त्यावर रंगीत दाणे दिसतात. इथे कापणे हाच सरळ मार्ग.

दुसरा प्रकार लेन्सच्या स्वतःच्या घडणीचा. अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवले की मध्यापासून कडेकडे उजेड हळूहळू कमी होत जातो. त्याला ठरावीक कड नसते, पार अर्ध्या फोटोपर्यंत त्याचा उतार पसरलेला असतो. अॅपर्चर दोन-तीन स्टॉप बंद केले की तो बराच कमी होतो. हा कापायला गेलात तर फोटो कापतच राहाल, कारण नवीन चौकटीचे कोपरेही मध्यापेक्षा गडदच असतील. याला रॉ फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधले लेन्स करेक्शन लावावे. तिथे माहिती शाबूत असते, फक्त मंद असते, म्हणून ती छान परत येते.

तिसऱ्याबद्दल सावध राहा, कारण तो कोपऱ्यांचा दोषच नाही. पोलरायझर आकाशाचा एक पट्टाच जास्त गडद करतो, सूर्यापासून साधारण काटकोनात असलेला. १८ वर आकाशाचा इतका मोठा भाग फोटोत येतो की गडद पट्टा आणि फिका भाग दोन्ही दिसतात. सूर्य डावीकडे असेल तर आकाशाची एकच बाजू काळसर वाटते, किंवा मधोमध एक गडद डाग पडल्यासारखा दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: फिल्टरच्या कड्याची सावली चारही कोपऱ्यांत सारखी असते, पोलरायझरचा पट्टा तसा नसतो. तो कापून जाणार नाही.

आणि एकच कोपरा काळा असेल तर हूड नीट फिरून बसलेला नव्हता किंवा बोट आड आले. फोनवर काढलेल्या फोटोत मागच्या कव्हरची कड येते. अशा वेळी त्या एकाच बाजूने कापा, मापांचे बाकी गणित लागत नाही.

आपल्या उदाहरणात चारही कोपरे सारखे काळे आहेत आणि सावलीची कड गोल आहे. म्हणजे फिल्टरचे कडे.

काळा कोपरा उभा असतो, आडवा नाही

सगळ्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून थोडे थांबून समजून घ्या.

फिल्टरच्या कड्यातून जो स्वच्छ उजेड आत येतो तो एका वर्तुळात येतो. त्या वर्तुळाचा मध्य आणि फोटोचा मध्य एकच असतो. फोटो आयताकृती, उजेड गोल, म्हणून आयताचे चार कोपरे वर्तुळाबाहेर राहतात. आता कागदावर एक आडवा आयत काढा आणि त्याच्या मध्यावर एक मोठे वर्तुळ असे काढा की ते फक्त कोपरे सोडते. वर्तुळाबाहेर राहिलेल्या एका कोपऱ्याच्या तुकड्याकडे पाहा. तो तिरका त्रिकोण दिसेल, आणि त्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल. आडव्या फोटोच्या कोपऱ्याजवळ वर्तुळाची रेघ उभी उतरत असते, म्हणून असे होते.

आता कात्री कुठून लावायची ते आपोआप कळते. तुकडा अरुंद आणि उंच आहे, तर त्याला बाजूने कापायचे. डावीकडून आणि उजवीकडून एकेक उभी पट्टी काढली की चारही कोपरे जातात आणि फोटोची पूर्ण उंची शिल्लक राहते. वरून-खालून कापले तर तेच कोपरे घालवायला कितीतरी जाड पट्टी काढावी लागते. उभ्या फोटोत याच्या उलट: तिथे वरून आणि खालून कापा.

मोजणी

फोटो GIMP मध्ये उघडा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, म्हणून `Image` मेनूतून `Duplicate` करून प्रत काढा आणि मूळ बंद करा.

फोटो थोडा तिरका असेल तर आत्ताच सरळ करा, कापल्यावर नाही. स्तूपासारख्या विषयात अर्ध्या अंशाचा कलही डोळ्यात भरतो. `Rotate` करताना फोटो मध्याभोवती फिरतो आणि स्वच्छ भाग वर्तुळ असल्याने तो फिरूनही तसाच राहतो, ही एक सोय. पण चौकटीच्या कडेला रिकामे त्रिकोण तयार होतात आणि पूर्ण उंची वापरता येत नाही. दीड अंश फिरवले तर या फोटोत ४००० पैकी सुमारे ३८६० पिक्सेल उंची हाती राहते. पुढच्या मापांत तेवढी कमी धरा. आपला फोटो सरळच आहे असे समजून पुढे जाऊ.

आता सावली नेमकी कुठे संपते ते पाहायचे आहे. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, कारण शेवटचे शंभरेक पिक्सेल सावली फार मंद असते. डोळा तिथे फसतो आणि उरलेली सावली मग प्रिंटवर दिसते. यावर एक चांगली युक्ती आहे. `Layer` मेनूतून `Duplicate Layer` करा, वरच्या लेयरवर `Colors` मधले `Posterize` उघडा आणि `Posterize levels` १२ ते १६ च्या दरम्यान ठेवा. सगळ्या छटा थोड्याच पायऱ्यांत विभागल्या जातात आणि आकाशात नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. आकाशाच्या मधल्या भागात हे पट्टे आडवे, सैलसर जातात, कारण आकाश वरून खाली फिके होत जाते. कोपऱ्याजवळ मात्र ते एकदम वाकतात, दाटीवाटीने येतात आणि कोपऱ्याला वळसा घालतात. जिथून वाकायला लागले, तिथे सावली सुरू झाली.

झूम १०० टक्के करा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर या. `Shift+M` दाबून `Measure` हे मोजपट्टीचे साधन घ्या. कोपऱ्यावर क्लिक करून, फोटोच्या अगदी वरच्या कडेवरूनच उजवीकडे ओढत जा, जिथून पट्टे वाकायचे थांबतात तिथवर. खालच्या पट्टीवर अंतर पिक्सेलमध्ये दिसते. आपल्या फोटोत ते डावीकडे ३५० आले आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात ३४५. दोन्ही जवळपास सारखे असणे ही चांगली खूण: वर्तुळ मध्यावर आहे. वीस-पंचवीस पिक्सेलपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही बाजूंना वेगवेगळे आकडे वापरा.

एकदा गंमत म्हणून डाव्या कडेवरूनही खाली मोजून पाहा. ते अंतर ५८० च्या आसपास येते. कोपरा ३५० रुंद आणि ५८० उंच आहे, हे इथे डोळ्यांनी दिसते.

खालचे कोपरे मोजणे अवघड असते. तिथे फरशी, माणसे, झाडांच्या सावल्या असतात, आणि `Posterize` केले की नुसता गोंधळ दिसतो. वरचे दोन कोपरे सारखे असतील तर खालचेही तसेच धरायला हरकत नाही. पण खात्री हवी असेल तर एक चाचणी फोटो काढा: त्याच लेन्सवर तेच दोन फिल्टर, तोच १८ चा झूम, तेच अॅपर्चर, आणि समोर एकसारखे पांढरे काहीतरी. नागपुरात यासाठी मे महिन्यातल्या दुपारचे धुरकट पांढरे आकाश किंवा पावसाळ्यातले भरलेले आकाश फार उपयोगी. उन्हाळ्यात सूर्य चौकटीबाहेर आणि पाठीशी ठेवा. घरातली पांढरी भिंतही चालते, फक्त तिच्यावर खिडकीचा उजेड एका बाजूने पडत नसावा. फोकस मूळ फोटोसारखाच दूरवर ठेवा, कारण फोकस बदलला की लेन्स किती रुंद पाहते तेही थोडे बदलते. या चाचणी फोटोवर `Posterize` केले की चारही कोपऱ्यांतले वर्तुळ स्वच्छ दिसते. हा आकडा लिहून ठेवा. हेच फिल्टर, हाच झूम आणि हेच अॅपर्चर वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोला तो लागू पडतो.

अॅपर्चरही तेच असावे असे का? एफ ३.५ वर कड्याची सावली मऊ असते आणि बरीच आतपर्यंत येते. एफ ११ वर ती कोपऱ्यात सरकते, पण तिची कड धारदार आणि जास्त काळी होते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर सावली उरेल किंवा उगाच जास्त कापले जाईल.

मोजून झाले की `Posterize` केलेला वरचा लेयर काढून टाका. हे विसरलात तर तो तसाच एक्स्पोर्ट होतो आणि आकाश पट्ट्यापट्ट्यांचे दिसते.

कापणे

३५० मध्ये २५ पिक्सेल सांभाळून जास्त धरा, म्हणजे ३७५. दोन्ही बाजूंनी ३७५ गेले की ६००० मधून ५२५० उरतात. उंची ४००० ची ४०००.

`Shift+C` दाबून `Crop` घ्या. आधी फोटोवर कुठेही एक चौकट ओढा, तिची जागा चुकली तरी चालेल. मग डाव्या बाजूच्या `Tool Options` मध्ये पाहा. `Fixed` ची खूण काढलेली असू द्या, नाहीतर एक आकडा टाकताच दुसरा बदलतो. एकक `px` आहे ना ते पाहून `Position` मध्ये `375` आणि `0`, `Size` मध्ये `5250` आणि `4000` टाका. चौकट बरोबर मध्यावर येते. `Highlight` चालू असेल तर कापला जाणारा भाग अंधारा दिसतो; या कामात तो बंद करा, कारण काळ्या कोपऱ्याशेजारी आणखी काळे काही नको. चौकटीचे चारही कोपरे १०० टक्के झूमवर पाहून घ्या आणि `Enter` दाबा.

`Delete cropped pixels` या खुणेकडे लक्ष द्या. ती नसेल तर कापलेला भाग लेयरमध्ये लपून राहतो आणि GIMP ची स्वतःची `.xcf` फाइल जतन केल्यावर कधीही परत मिळतो. ही खूण काढूनच ठेवावी असे आमचे मत. जेपीजी काढताना लपलेला भाग तसाही येत नाही.

खरेच सावली गेली का हे तपासायला `O` दाबून `Color Picker` घ्या. `Sample average` चालू करा आणि त्रिज्या १५ वगैरे ठेवा, म्हणजे एका पिक्सेलच्या दाण्याने आकडा हलणार नाही. वरच्या कडेवर अगदी कोपऱ्यात क्लिक करा, मग त्याच उंचीवर तीनशे पिक्सेल आत क्लिक करा. आकाश मोकळे असेल तर तिन्ही रंगांचे आकडे दोन-तीनच्या फरकाने सारखे यायला हवेत. कोपऱ्यात दहा-बाराने कमी आले तर सावली उरली आहे. आणखी वीस-वीस पिक्सेल काढा आणि पुन्हा पाहा.

या फोटोत आपण साडेबारा टक्के भाग दिला. नेहमीच्या सवयीने प्रमाण कायम ठेवून चारही बाजूंनी कापला असता तर सोळा टक्क्यांच्या वर गेला असता, आणि घुमटाच्या वरचे १७० पिक्सेल आकाशही. वरून-खालून कापून पॅनोरामासारखा आकार करायचा म्हटले तर दोन्हीकडून सहाशेच्या वर पिक्सेल जातात. मग घुमट फोटोत कोंबल्यासारखा दिसतो.

प्रिंटचा आकार ठरलेला असेल तर

५२५० बाय ४००० हा आकार पडद्यावर छान दिसतो, पण सीताबर्डीतल्या लॅबमध्ये १२ बाय १८ चा प्रिंट काढायला नेला तर तो कागदात बसत नाही. कागद २:३ चा आहे. लॅबवाला एकतर पांढऱ्या पट्ट्या सोडेल किंवा वरून-खालून स्वतः कापेल, आणि तो घुमटाचा माथा बघून कापेल असे नाही. म्हणून प्रिंट हवा असेल तर आकार आधी ठरवा आणि प्रमाण आपणच राखा.

यासाठी स्वच्छ वर्तुळाची त्रिज्या लागते. ती वरच्या कडेच्या मापावरूनच मिळते: मध्यापासून कापलेल्या कडेपर्यंत २६२५, मध्यापासून वरच्या कडेपर्यंत २०००. मध्यापासून पूर्ण फोटोच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर ३६०६ आहे.

```
√(2625² + 2000²) = 3300
3300 / 3606 = 0.915
6000 × 0.915 = 5490
4000 × 0.915 = 3660
```

म्हणजे २:३ चा सर्वांत मोठा स्वच्छ तुकडा ५४९० बाय ३६६० चा. `Position` मध्ये `255` आणि `170` टाकायचे. १८ इंचांत ५४९० पिक्सेल म्हणजे इंचाला ३०५, प्रिंटला अगदी पुरेसे. वर जागा कमी उरते हे मात्र खरे. दीक्षाभूमीच्या या फोटोत आकाश भरपूर होते म्हणून ते चालून गेले.

१२ बाय १५ चा प्रिंट चालणार असेल तर तोच घ्या. त्याचे प्रमाण ४:५, म्हणजे ५००० बाय ४०००. इथे पूर्ण उंची राहते, कोपरे आपल्या वर्तुळाच्या चांगले आत येतात आणि इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात. घुमटासारख्या, उंची-रुंदी सारखी असलेल्या विषयाला हा आकार शोभतोही.

चौकट सरकवली की सावली परत येते

बऱ्याच जणांचे सगळे बरोबर होते आणि शेवटच्या क्षणी इथे चुकते. मोजून कापायची चौकट केली, मग वाटले घुमट जरा उजवीकडे हवा, म्हणून चौकट शंभर पिक्सेल डावीकडे सरकवली. आता तिची डावी कड ३७५ ऐवजी २७५ वर आली, आणि सावली तर ३५० पर्यंत आहे. वरच्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात पंचाहत्तर पिक्सेल काळे पुन्हा आत शिरले.

विषय एका बाजूला घ्यायचा असेल तर चौकट सरकवू नका, उलट बाजूने जास्त कापा. डावीकडची ३७५ ची हद्द हलवायची नाही, उजवीकडून हवे तर ८०० काढा. घुमट आपोआप उजवीकडे जातो आणि चारही कोपरे स्वच्छ राहतात. स्तूप मधोमध ठेवायचा असेल तर प्रश्नच नाही, फक्त फोटो काढताना तो मध्यावर घेतला होता ना ते तपासा. तोरणाच्या दोन्ही खांबांपासून चौकटीच्या कडांपर्यंतचे अंतर `Measure` ने मोजले की कळते.

कधी कधी कोपरे काळे नसले तरी कापल्यावरही फोटो कडेला जरा मंद वाटतो. तो लेन्सचा स्वतःचा उतार आहे, वर सांगितलेला दुसरा प्रकार. तो घालवायचा असेल तर क्रमाने आधी उजळा, मग कापा. लेन्स करेक्शन मध्यापासूनच्या अंतरावर चालते, आणि जेपीजी कापून टाकली की सॉफ्टवेअरला खरा मध्य आणि खऱ्या कडा कळत नाहीत. रॉ फाइलवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप केव्हाही करा, ते हा क्रम स्वतः सांभाळते. उजळल्यावर फिल्टरच्या कड्याची सावली करडी होऊन फसवते, गेली असे वाटते. म्हणून मोजणी न उजळलेल्या फोटोवरच करा.

एकाच वेळी बरेच फोटो

त्या सकाळी त्याच फिल्टरने, १८ वरच, त्याच अॅपर्चरने चाळीस फोटो काढले असतील तर प्रत्येक वेळी आकडे टाकत बसायला नको. आज्ञा टाइप करून फोटो हाताळणारे ImageMagick हे सॉफ्टवेअर असेल तर सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, त्यातच `kaaplele` नावाचा रिकामा फोल्डर करा आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ही आज्ञा द्या:

```
magick mogrify -path kaaplele -gravity center -crop 5250x4000+0+0 +repage -quality 93 *.jpg
```

कापलेले फोटो नव्या फोल्डरमध्ये जातात, मूळ तसेच राहतात. `-path` विसरलात तर मूळ फोटोंवरच कात्री चालते आणि ते परत येत नाहीत, म्हणून आधी दोन-तीन फोटोंच्या प्रती घेऊन करून पाहा. झूम मधे बदललेले फोटो वेगळे काढा. २४ च्या पुढच्यांना कापायची गरजच नसते.

उभ्या फोटोंचे तेवढे पाहा. बरेच कॅमेरे उभा फोटोही आडवाच साठवतात आणि सोबत फक्त फिरवून दाखवण्याची खूण ठेवतात. अशा फाइलवर वरची आज्ञा बरोबर चालते, कारण कात्री सेन्सरच्याच आडव्या मापाने लागते आणि उभ्या फोटोच्या वरच्या-खालच्या पट्ट्या जातात. पण कुठल्या तरी सॉफ्टवेअरने फोटो खरोखरच फिरवून ४००० बाय ६००० करून ठेवला असेल, तर `4000x5250+0+0` असे माप द्यावे लागते. `magick identify *.jpg` दिले की कोणती फाइल कशी आहे ते दिसते.

फोनवरच काम उरकायचे असेल तर बहुतेक अॅपमध्ये पिक्सेलचे आकडे टाकता येत नाहीत, प्रमाणाची बटणे असतात. आडव्या फोटोला ५:४ निवडा. हे प्रमाण फक्त बाजूने कापते, त्यामुळे मोकळ्या हाताने ओढण्यापेक्षा बरे जमते. चौकट लावली की बोटांनी झूम करून चारही कोपरे पाहा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून. मंद उजेडात गडद निळ्या आकाशातली सावली दिसत नाही.

पुढच्या वेळी दीक्षाभूमीला जाताना यूव्ही फिल्टर काढून मग पोलरायझर लावा. कडे तरीही दिसत असेल तर झूम २० किंवा २१ वर न्या आणि दोन पावले मागे सरका. तिथे मागे सरकायला जागा आहे.